करकचून आवळलेलं झाकण

माझी उस्मानपुऱ्यातली शेजारीण सुकेशनी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. दुष्काळाच्या हंगामात तिथली प्रमुखाची जागा रिकामी झाली आणि नव्या तनुजाचं नाव पुढं आलं. सुकेशनीचा जळफळाट झाला.

रसातली साखर पोलरीमीटरवर मोजताना तनुजाचा आकडा कमी आला. "चुकलीस! सर, हे बघा, मी मोजते," सुकेशनी कारखान्याच्या साहेबांसमोर म्हणाली. यंत्राची नळी रसानं भरून तिनं रागानं तिचं काचेचं झाकण करकचून आवळलं. आकडा वाढला.

तनुजानं झाकण सैल केलं. "ताई, काचेवर ताण आला की आकडा चुकतो. तुम्हीच शिकवलंत." आकडा पुन्हा तनुजाचाच आला.

जागा तिलाच मिळाली. तिनं दिलेला पेढा सुकेशनीनं माझ्या हातावर ठेवला. "तुम्ही खा, काकू. मला नाय गिळवत."