घराचा हिरवा-लाल नकाशा

पुण्याच्या ऑफिसने मला कोल्हापुरातून काम करायची परवानगी दिली, ती एका अटीवर. मीटिंगमध्ये आवाज तुटता कामा नये. तुटला तर पुण्याला खोली घ्यायची आणि नवऱ्याला शनिवार-रविवारी भेटायचं.

तोवर मी हॉलमध्ये, राउटरच्या शेजारी बसून काम करत होते. तिथं रेंज उत्तम, पण सासूबाईंचा टीव्हीही तिथंच. मला मागची खोली हवी होती. तिथं टेबल न्यायच्या आधी मी फोनवर एक फुकटचं ॲप घेतलं. घराचा आराखडा काढायचा, एकेका जागी थोडं थांबायचं, आराखड्यात आपण जिथं उभे आहोत तिथं बोट टेकवायचं. ॲप त्या जागचं वायफाय मोजतं आणि शेवटी सगळं घर रंगवून दाखवतं. हिरवं म्हणजे चांगलं, लाल म्हणजे नाही.

आदल्या दिवशी जेवताना मी सांगितलं होतं, की उद्या फोनवर घराचा नकाशा काढणार आहे. सासूबाईंनी फक्त मान हलवली. सकाळी उठून बघते तर घर दिवाळीला आवरावं तसं लख्ख, आणि माजघरातल्या पत्र्याच्या मोठ्या कोठ्या धुऊन अंगणात उन्हाला लावलेल्या. वर्षाचा तांदूळ यायच्या आधी त्या धुवायच्याच असतात, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी खोल्याखोल्यांतून फिरले. मागची खोली छान हिरवी आली. टेबल हलवलं आणि ऑफिसला मोठ्या तोऱ्यात कळवलं, की इथं काही अडचण नाही.

त्याच आठवड्यात नेसरीहून तांदूळ आला. कोठ्या आत आल्या, भरल्या, आणि माजघराच्या मागच्या भिंतीला एकीला एक चिकटून उभ्या राहिल्या. त्या भिंतीपलीकडे माझं टेबल.

सोमवारच्या मीटिंगमध्ये माझा चेहरा तोंड उघडं टाकून गोठला. दुसऱ्या दिवशीही तेच. साहेबांनी गोड आवाजात आठवडाभराची मुदत दिली. हा गोड आवाज मला ओरडण्यापेक्षा जास्त झोंबतो.

नेट कंपनीला शिव्या घालून झाल्या. नवऱ्याने राउटर बंद करून चालू केला आणि मोठं काम केल्यासारखा चहा मागितला. शेवटी मी पुन्हा नकाशा काढला. राउटर तोच, खोली तीच, पण टेबलाची जागा लालभडक. दोन्ही नकाशे घेऊन मी माजघरात उभी राहिले, तेव्हा समोर कोठ्या दिसल्या. पत्र्याची अख्खी भिंतच, राउटर आणि माझ्यामध्ये.

पहिल्या नकाशाच्या दिवशीच नेमक्या कोठ्या बाहेर का काढल्या, असं मी सासूबाईंना विचारलं. माझा आवाज चढलाच होता.

"घराचा फोटू निघणार म्हणालीस की. पुण्याचे सायेब बघणार. पोचं पडलेल्या कोठ्या कशाला दावायच्या?"

मी त्यांना दोन्ही नकाशे दाखवले आणि पुण्याच्या खोलीचंही सांगून टाकलं. ते इतके दिवस आम्ही दोघांनी त्यांच्यापासून लपवलं होतं.

फायबरची वायर हॉलच्या खिडकीपर्यंतच पुरते, त्यामुळे राउटर हलवता येत नव्हता. ती वाढवायला माणूस मुदतीच्या आत येणार नव्हता, म्हणजे हलायचं ते कोठ्यांनीच. स्वयंपाकघरात ओल, गॅलरीत पाऊस आला की सपकारे. तांदूळ भिजवून मला घरात ठेवा, असं म्हणायची माझी छाती नव्हती. सासूबाईंनीच मुलाला हाक मारून कोठ्या स्वतःच्या खोलीत लावायला सांगितल्या. त्या खोलीची हॉलला लागूनची भिंत मोकळी होती.

मी म्हणाले, "आई, मग तुमच्या खोलीत रेंज येणार नाही."

"मी तिथं झोपतो निस्ती," त्या म्हणाल्या.

ते खरं नव्हतं. कबनूरला दिलेल्या लेकीशी त्या रोज संध्याकाळी तिथंच, दार लोटून, व्हिडिओवर बोलतात. सासरचं जे काही बोलायचं, ते मायलेकी तिथं बोलतात. मला हे माहीत होतं आणि मी गप्प राहिले, कारण मला जायचं नव्हतं.

तिसऱ्या नकाशात माझी खोली हिरवी आली. लाल डाग त्यांच्या पलंगावर सरकला होता.

त्या संध्याकाळी माझी मीटिंग विनाअडथळा चालली होती. मी माईक बंद करून ऐकत होते. बाहेर सासूबाईंचा फोन आधी त्यांच्या खोलीत अडखळला, मग त्या हॉलमध्ये येऊन बसल्या. टीव्ही बंद केला. लेकीने बहुधा विचारलं असावं, की आज हॉलमध्ये का.

"आता हितनंच बोलायचं," त्या म्हणाल्या. "खोलीत रेंज न्हाय. पर सून घरातच ऱ्हाणार हाय."

मी कॅमेरा बंद केला आणि डोळे पुसले. साहेबांनी विचारलं, नेट गेलं का. मी माईक चालू करून हो म्हणून सांगितलं.