रजेच्या अर्जातलं सुतक

नाशिकला मामलेदार कचेरीत मी कारकून होतो, तेव्हाची गोष्ट. एकोणीसशे तीसच्या दशकातली. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. वडील नव्हते, म्हणून कन्यादान माझ्या हातून व्हायचं होतं. रजेचा अर्ज दिला आणि मामलेदारसाहेबांनी लगेच मंजूर केला.

तेवढ्यात कळवणहून वरपक्षाचा निरोप आला. मुलाचे चुलते गेले, दहा दिवस सुतक. पुढचा मुहूर्त निघाला तो चातुर्मासापूर्वीचा शेवटचा, आणि नेमका कलेक्टरसाहेबांच्या तपासणीच्या आठवड्यातला. तो चुकला तर थेट तुळशीच्या लग्नानंतर. तोवर वरपक्ष थांबेल याची खात्री कोण देणार? बहीण जेवणावरून उठून जायला लागली. पंचवटीतल्या शेजारणी तर विचारपूस करण्यात पटाईतच होत्या.

मी अव्वल कारकुनांकडे गेलो. म्हटलं, "जुना अर्ज परत द्या, तारखा खोडून नव्या घालतो."

"दाखल झालेल्या कागदावर खाडाखोड? भलतंच! दुसरा अर्ज करा. रजा मंजूर केल्याबद्दल आभार माना, ती रद्द करावी अशी विनंती करा, कारण लिहा, मग नव्या तारखा मागा. आणि तुमचं काम कोण पाहणार, तेही लिहा."

शेजारच्या टेबलावरचे मालेगावचे खानसाहेब म्हणाले, "माझं नाव घाला. बहिणीचं लग्न आहे, त्यात विचारायचं काय?"

घरी बसून अर्ज लिहिला. कारणापाशी आई आडवी आली. "लग्नाच्या कागदावर मरणाचं नाव नको रे बाबा!" मला राग आला, पण तिचा चेहरा पाहून मी मुकाट्यानं लिहिलं, 'घरगुती अडचणीमुळे'. नव्या तारखा कशासाठी, ते त्या गडबडीत लिहायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. अर्ज समोर होता आणि आवाज नको तितका मऊ. "वाईट वाटलं हो. लग्न मोडलं म्हणायचं! पण मग तपासणीच्या आठवड्यात रजा कशाला? ती मिळणार नाही."

आईचा हट्ट बाजूला ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. सुतक, शेवटचा मुहूर्त, कन्यादान.

"अहो, मग हे लिहायला काय झालं होतं?" साहेब कडाडले. आईचं म्हणणं सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा आवाज उतरला. त्यांच्या घरीही मुली होत्या. मग त्यांनी दौत पुढे ओढली. "कारण तुमच्या हातानं लिहा. सगळी रजा देणार नाही. लग्नाचे दोन दिवस घ्या, तिसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत हजर. कागद खानसाहेबांना समजावून जा."

मी समासात कारण लिहून सही केली. त्याखाली साहेबांनी शेरा मारला, पूर्वीची रजा रद्द, नवी मंजूर.

संध्याकाळी घरी आलो. बहीण ओसरीत तांदूळ निवडत होती. "मिळाली रजा," मी म्हणालो. "लग्न ठरल्याप्रमाणे होणार."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. सूप बाजूला ठेवून आत गेली, ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवलेला शालू काढला आणि आईला म्हणाली, "याच्या निऱ्या मला नीट येत नाहीत. दाखव ना एकदा."