त्यांनी बिडी सोडली होती
आमच्या मोखाड्यात लालबुंद चेहऱ्याचा माणूस म्हणजे कौतुकाचा विषय. इथं सगळे हिवतापानं पिवळे पडलेले, पापणी खाली ओढून पाहावी तर आत पांढरंफटक. त्यामुळे माझ्या नवऱ्याला, म्हणजे पोशेऱ्याच्या शाळेतल्या मास्तरांना, बघून पाड्यावरच्या बाया म्हणायच्या, मास्तरणीनं नवऱ्याला तूप खाऊ घातलंय. कसलं तूप आणि कसलं काय! नाचणीची भाकरी आणि उडदाचं वरण, हेच आमचं खाणं.

जव्हार संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. राजाचा दवाखाना सरकारचा झाला, पाटी बदलली, बाकडी तीच राहिली. यांचं डोकं सारखं जड व्हायचं, कानात घुमायचं, म्हणून मी यांना धरून जव्हारला नेलं. डॉक्टर नवीन, मुंबईकडचे, तरुण. बोटाला टोचून रक्त घेतलं. त्या काळी रक्त बघायची रीत अशी, की बारक्या काचेच्या नळीत थेंब आम्लात मिसळायचा आणि शेजारच्या रंगाशी जुळेपर्यंत वरून पाणी घालत राहायचं. जितकं जास्त पाणी लागेल तितकं रक्त दाट. डॉक्टर घालताहेत, ढवळताहेत, उजेडाला धरताहेत. नळी भरत आली तरी रंग काही फिका होईना. आपलंच चुकलं असेल म्हणून त्यांनी दुसरा थेंब घेतला. तेच.

शेजारी उभा कंपाउंडर म्हणाला, डोंगरावरच्या हवेनं होतं असं. डॉक्टरांनी तिथंच त्याला गप्प केलं. हिमालयात राहणाऱ्यांचं रक्त उंचीमुळे वाढतं, म्हणाले, पण जव्हार-मोखाड्याची उंची त्यापुढे काहीच नाही. कारण होतं यांच्या खिशात. बिडीचा धूर रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो, मग शरीर भरपाईला जास्त रक्त तयार करतं. बिडी बंद करा, दोनेक महिन्यांनी या, उतरलेलं असेल. नाहीच उतरलं तर मग पुढचा तपास. पोट दाबून पाहिलं, डाव्या कुशीला पानथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागली. ती तर इथं पोराटोरांनाही असते, तापानं सुजलेली. ती बघून कोण दचकणार?

यांनी त्या दिवशी जव्हारच्या नाक्यावर बिडीचं बंडल गटारात टाकलं. मी मनात म्हटलं, बघू या किती दिवस टिकतं. बिडी सोडणाऱ्यांचे असले शब्द मी बरेच ऐकले होते. पण यांनी सोडली म्हणजे सोडली. पोरांवर खेकसायचे, माझ्यावर तर रोजच. लवंग चघळून चघळून जीभ पोळली. तरी सोडली ती सोडलीच.

दोन महिन्यांनी पुन्हा नळी, पुन्हा पाणी, आणि रंग होता तिथंच. डॉक्टरांनी नळी खाली ठेवली आणि यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "बाई, मास्तर चोरून ओढतात. लक्ष ठेवा."

यांचा चेहरा आधीच लाल, तो आणखी लाल झाला. एस.टी.त माझ्या शेजारी बसून घाट संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. घरी थोरले दीर होते, त्यांनीही ऐकलं आणि हसले. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, म्हणाले. गावभर झालं. मास्तर मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवतात आणि आडोशाला जाऊन झुरके मारतात.

रात्री जेवताना यांनी एवढंच विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला वाटायचं काय त्यात? मी रोज तुमचे कपडे धुते. मला वास येत नाही."

तेव्हा हे ताटावरच रडले. एवढा मोठा माणूस. माझा जीव तुटला, आणि रागही आला, सगळ्यांचा.

त्याच दिवसांत आणखी एक सुरू झालं होतं. आंघोळीहून आले की अंगाला भयंकर खाज. पुरळ नाही, डाग नाही, नुसती खाज. पाटीभर कडुलिंबाचा पाला उकळला तरी थांबेना. तळपायांची आग आग व्हायची, थंड फरशीवर पाय टेकून बसायचे. मी एकटीच जव्हारला गेले आणि डॉक्टरांसमोर उभी राहिले. म्हटलं, तुम्ही रक्त बघता, मी माणूस बघते. बिडी नाही ओढत ते. मग रक्त का उतरत नाही, ते सांगा. डॉक्टर वाईट नव्हते हो. पण त्यांनी अशा शपथा शंभर बायकांच्या तोंडून ऐकल्या असतील. आणखी दोन महिने बघू, म्हणाले. खाजेला मलम दिलं. शिमगा झाल्यावर पुन्हा या, तेव्हा मुंबईला चिठ्ठी देतो.

शिमग्याआधीच हे वर्गात फळ्यासमोर पडले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. पोरांनी बाजेवर घालून मोखाड्याला आणलं. तिथून जव्हार, आणि आता चिठ्ठी लगेच मिळाली.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी पोट दाबलं आणि पहिला प्रश्न मला केला. आंघोळीनंतर खाज येते का? येते म्हटलं, जव्हारला त्यावर मलम दिलं होतं. त्यांनी शिरेतून रक्त घेऊन नळी यंत्रात फिरवली. तांबड्या पेशी खाली बसल्या त्या नळीच्या निम्म्याहून कितीतरी वर, पाणी वर जेमतेम. पांढऱ्या पेशीही वाढलेल्या, रक्त गोठवणाऱ्या बारक्या पेशीही. बिडीनं तिन्ही अशा वाढत नाहीत, म्हणाले. इथं हाडातला मगजच बिघडलाय, तो हवं-नको न बघता रक्त करत सुटलाय. दाट रक्ताची गुठळी मेंदूत अडकली. ती पानथरीही तापाची नव्हती. रक्त काढून टाकायचं, एवढाच उपाय. तो आधी झाला असता तर, असं म्हणून ते थांबले. बाटलीत उतरणारं यांचं रक्त मी पाहिलं. काकवीसारखं काळपट होतं.

मी यांच्या कानाशी वाकून सांगितलं, बिडीचं नव्हतं हो, डॉक्टर म्हणाले. यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. कळलं असावं. श्रावण यांनी पाहिला नाही.

दहाव्याला बायका नदीवर जात नसत. मी गेले. पिंड ठेवला, कावळे झाडावर बसलेले, एक खाली येईना. लोक चुळबुळायला लागले. थोरल्या दिरांनी खिशातून बंडल काढलं, एक बिडी पिंडाशेजारी ठेवली आणि हात जोडून म्हणाले, घे बाबा, जीव अडकला असेल तर घे. एक कावळा लगेच खालच्या फांदीवर आला.

मी पुढं झाले, बिडी उचलली आणि पाण्यात टाकली.

दीर ओरडले. भटजी म्हणाले, वहिनी, शिवू द्या की, सुटेल बिचारा. मी म्हटलं, "नाही शिवला तर राहू दे. त्यांनी सोडली होती."

कावळा उडून गेला. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही बसलो, शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मास्तरांना कावळा शिवला नाही, असं पोशेऱ्यात अजून म्हणतात. म्हणू देत.