अपिलातून काढलेल्या तीन माफ्या

घरातला पहिला पदवीधर मी. पोलादपूरच्या शाळेत असल्यापासून वाडीतल्या सगळ्यांचे अर्ज लिहायचो. ‘मेहेरबान साहेबांनी कृपा करावी’ हे वाक्य हाताला इतकं बसलं होतं की, पुण्यात जपानी शिकून महाडला भाषांतराची कामं करू लागलो तरी ते सुटलं नव्हतं.

एका फेब्रुवारीत महाडचे एक ट्रकमालक चाचा माझ्याकडे आले. त्यांची मुलगी जपानच्या विद्यापीठात इंग्रजीतून शिकत होती. शेवटच्या सत्रात एका विषयाचा अहवाल मिळालाच नाही म्हणून तिला नापास केलं होतं. विषय सुटला नाही तर मार्चमध्ये पदवी नाही, आणि ठरलेली नोकरीही नाही. तिने इंग्रजीत अपील लिहिलं होतं, पण शैक्षणिक कार्यालय ते जपानीतच घेणार होतं. मुदतीचे चार दिवस उरले होते.

मी मन लावून भाषांतर केलं. दुसऱ्या दिवशी चाचांच्या ऑफिसातून तिला स्पीकरवर फोन लावून त्याचा मराठी अर्थ ऐकवला.

ती म्हणाली, “दादा, यात मी तीनदा माफी मागितलीय. मूळ पत्रात एकदाही नाही.”

“जपानी लोकांना नम्रता लागते,” मी म्हणालो.

“नम्रता ठेवा की. पण ‘माझ्या निष्काळजीपणाबद्दल’ कुठून आलं?”

ते माझ्या हातून आलं होतं.

चाचा मध्येच म्हणाले, “अहवाल पोचल्याची पोच हाय ना गो?”

“आहे अब्बा. तारीख-वेळेसकट मेल आलाय.”

“मग माफी कशाला? पार्टी म्हणते माल आला नाय, तर मी भांडत नाय, रडतही नाय. सलाम करतो, सही केलेली पोच टेबलावर ठेवतो आन् म्हणतो, बघून सांगा.”

त्यांच्याच टेबलाशी बसून मी पत्र पुन्हा लिहिलं. कामाच्या गडबडीत त्रास देत असल्याचं जपानी पत्रातलं नेहमीचं वाक्य सुरुवातीला राहू दिलं. प्राध्यापकांच्या शिकवण्याबद्दलचे तिचे आभारही ठेवले. त्यानंतर सरळ मुद्दा: अहवाल मुदतीत दाखल झाला आहे, पोच सोबत जोडली आहे, या निकालावर मी हरकत नोंदवत आहे, नोंदी तपासून निर्णय कारणांसह लेखी कळवावा, ही विनंती. गुण वाढवा, असं कुठेच नव्हतं.

फोनवर त्याचा अर्थ ऐकून ती म्हणाली, “आता हे माझं पत्र आहे.”

नऊ दिवसांनी कार्यालयाचं उत्तर आलं. अहवाल प्रणालीत वेळेत जमा झालेला सापडला होता. प्राध्यापकांनी तो तपासला आणि वरची श्रेणी दिली. मी ते चाचांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला लावलं, मग बाहेरच्या ड्रायव्हरांना आत बोलावून तिसऱ्यांदा.

मार्चमध्ये तिला पदवी मिळाली. आणि त्यानंतर वाडीतून आलेल्या पहिल्याच अर्जात मी ‘मेहेरबान’ लिहिलं नाही. सातबाऱ्यावरची चूक लिहिली, कागद जोडला आणि लेखी उत्तर मागितलं.