पाच तारे ड्रायव्हरला

शिलाईचं दुकान चालवणाऱ्या आक्का कुणाचं फुकट कौतुक करत नसत आणि कुणावर खोटा आळही येऊ देत नसत. थोरला भाऊ अत्यवस्थ असल्याचा भावजयीचा फोन आला, तशी त्यांनी सकाळच्या लांब पल्ल्याच्या बसचं तिकीट काढलं.

बस सुटायलाच उशीर झाला. आक्कांची सीट मागे कलली ती परत सरळच होईना. मागच्या बाईच्या गुडघ्यांवर रेलून प्रवास चालला होता. दुपारी माळावर इंजिन तापलं नि गाडी उभी राहिली. मोबाइलवर कंपनीचा मेसेज आला, 'आपली बस वेळेवर धावत आहे.'

ड्रायव्हरनं लपवाछपवी केली नाही. "पाण्याचा पाइप गेलाय. ही गाडी काढू नका म्हणून मी ऑफिसात सांगितलं होतं. आता तिथं कुणी फोन उचलत नाही."

त्यानं म्हाताऱ्यांना झाडाखाली बसवलं. मागून येणारी दुसरी बस हात करून थांबवली. आक्का कशासाठी निघाल्यात ते त्यानं वाटेत त्यांच्याकडूनच ऐकलं होतं. "आक्का, तुमचा भाऊ आजारी आहे ना? तुम्ही आधी चढा."

आक्का पोचल्या तेव्हा भाऊ गेला होता. "दुपारपर्यंत तुमचीच वाट बघत होते," एवढंच भावजय म्हणाली.

घरी परतल्यावर कंपनीनं मोबाइलवर प्रवास कसा झाला ते विचारलं. आक्कांनी चष्मा लावून फॉर्म भरला. वेळ, एक तारा. सीट, एक. उशिरात केलेली सोय, एक. ड्रायव्हरची वागणूक, पाच. खाली लिहिलं, 'गाडी खराब आहे हे ड्रायव्हरनं आधीच सांगितलं होतं. ऑफिसनं ऐकलं नाही.'

उत्तर आलं, 'क्षमस्व. संबंधित चालकाला कामावरून कमी केले आहे.'

आक्कांनी फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, सरासरी दोनच तारे पडले. ते चालकाच्या नावावर जातात."

"त्याला तर मी पाच दिलेत."

"हो, पण ऑफिसबद्दल तो प्रवाशांशी बोलला, हे तुम्हीच लिहिलंय."

आक्का तडक ऑफिसात गेल्या. मॅनेजरनं खुर्ची दिली, चहा मागवला. "रिव्ह्यू बदला, ताई. मग त्याचं बघतो."

जिभेवर कडू गोळी ठेवल्यासारखं तोंड करून आक्कांनी सगळीकडे पाच तारे दिले. 'वेळेवर आणि आरामशीर प्रवास.' हे लिहिताना भावाचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

ड्रायव्हरला परत घेतलं नाही. त्याच्या जागी दुसरा लागला होता, आणि मॅनेजर आता आक्कांचा फोन घेत नव्हता. रिव्ह्यू पुन्हा बदलायला गेल्या, तर बदल एकदाच करता येतो असं कळलं.

पुढच्या आठवड्यात शेजारीण ब्लाउज न्यायला आली. लेक बाळंतपणाला माहेरी यायची होती.

"त्याच बसचं तिकीट काढलंय तिचं," ती म्हणाली. "सगळ्यात वर तुमचंच नाव दिसलं, म्हटलं आक्कांनी लिहिलंय म्हणजे काळजी नाही."

आक्कांनी हातातली कात्री खाली ठेवली. "रद्द कर ते," त्या म्हणाल्या. "मी खोटं लिहिलंय."