वरचा सूर आणि हनुवटीखालचे दोरे

सोलमधल्या जामसिलच्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या वरच्या मजल्यावरच्या सांस्कृतिक केंद्रात दर बुधवारी सकाळी गाण्याचा वर्ग भरतो. शिकणाऱ्या बहुतेक साठीपुढच्या, शिकवणाऱ्या ग्वाक मीग्यंग सत्तेचाळीस वर्षांच्या. वर्गात सगळ्या त्यांना ‘बाई’ म्हणतात आणि त्या सगळ्यांना ‘ताई’. संगीताची पदवी वगैरे त्यांच्याकडे नाही. आवाज मात्र मोठा आहे, आणि एक वाक्य आहे, त्याच्यावर त्यांनी पंधरा वर्षं वर्ग चालवला.

“ताई, तोंड उघडा! अख्खा स्साम आत जाईल एवढं उघडा!”

लेट्यूसच्या पानावर मांस, भात, लसूण आणि तिखट ठेवून गुंडाळलेला घास म्हणजे स्साम. तो एकदाच, पूर्ण तोंडात घालायचा. अर्धा चावून अर्धा हातात ठेवणाऱ्याला आमच्याकडे कुणी शहाणा म्हणत नाही. त्यामुळे सूर कसा लावायचा हे बाईंना कधी जास्त समजावून सांगावं लागलं नाही. तोंड किती उघडायचं ते प्रत्येकीला जेवताना शिकवलेलंच होतं.

उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. पहिली वर्गात: गुरुवारी त्याच खोलीत एकतीस वर्षांच्या नव्या शिक्षिकेचा वर्ग सुरू झाला, आणि केंद्राच्या व्यवस्थापकांनी सांगितलं की हिवाळी सत्रापासून दोन वर्गांचा एकच होईल. कोणाचा, ते चुसक या सुगीच्या सणाच्या सुट्टीनंतर ते स्वतः वर्गात बसून ठरवणार. दुसरी गोष्ट घडली फोनवर. पहिल्या रांगेतल्या ताया खुर्चीत बसून, फोन मांडीवर धरून बाईंचं चित्रीकरण करतात आणि गटात टाकतात. खालून वर घेतलेल्या त्या चित्रात बाईंना स्वतःचा आवाज ऐकूच आला नाही. त्यांना फक्त हनुवटीच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या दोन छोट्या पिशव्या दिसल्या.

“अहो, मी अशी दिसते?” त्यांनी नवऱ्याला फोन दाखवला.

दोसिक बससेवेत पर्यवेक्षक आहेत. फोन लांब धरून, जवळ धरून त्यांनी पाहिलं. “खालून काढला तर मीसुद्धा भोपळ्यासारखा दिसतो.”

“तुम्ही वरूनही दिसता.”

बाईंचं गणित सरळ होतं. व्यवस्थापक येणार, शेजारी एकतीस वर्षांची उभी राहणार. वर्ग जाणार असेल तर तो या दोन पिशव्यांमुळे जाणार. चुसकच्या मोठ्या सुट्टीत अर्धं सोल सासरी जातं आणि उरलेल्यातले बरेच शिन्सा भागातल्या सौंदर्योपचाराच्या दवाखान्यांत. बाईंनी सासरी दातदुखीचा निरोप पाठवला आणि शिन्साला गेल्या.

डॉक्टर यो नावाच्या, बाईंच्याच वयाच्या. त्यांनी जबड्याची कातडी चिमटीत धरून पाहिली, मग बाईंना आडवं झोपवून हातात आरसा दिला.

“काय दिसतं?”

“मी. दहा वर्षांपूर्वीची,” बाई खूश होऊन म्हणाल्या.

“हे मिळणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “सगळ्यांना हेच हवं असतं, म्हणून आधीच दाखवते. आता उठून बसा, कातडी खाली येईल. हा जो फरक पडला, त्यातला थोडासा मिळेल. तुमच्या ओळखीचे म्हणतील, झोप चांगली झाली वाटतं. तेवढाच.”

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक ध्वनिलहरींची. यंत्राने कातडीच्या खोल थराला नेमकी उष्णता द्यायची, म्हणजे तिथे नवे धागे शरीरच विणतं. काम सावकाश, फरक दिसायला दोन-तीन महिने, पण दुसऱ्या दिवसापासून सगळे व्यवहार चालू. दुसरी दोऱ्यांची. विरघळणाऱ्या दोऱ्यांना बारीक काटे असतात, ते कानशिलाच्या केसांतून आत सरकवून सैल भाग वर ओढायचा. फरक लगेच दिसतो. दोरा काही महिन्यांत विरघळतो, परिणाम फार तर वर्षभर, कधी त्याहूनही कमी.

“फार कातडी लोंबत असती तर दोन्ही नको म्हटलं असतं, सरळ शस्त्रक्रियेकडे पाठवलं असतं. तुमचं तितकं नाही. मला विचाराल तर तुम्ही ध्वनिलहरी घ्या.”

“दोन-तीन महिने नाहीत माझ्याकडे. दोरे घाला.”

“तर मग तीन आठवडे तोंड मोठं उघडायचं नाही. जांभई हात लावून. दातांच्या डॉक्टरकडे जायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही, गाल चोळायचे नाहीत. आणि स्साम अजिबात नाही. काटे मांसात रुतायला वेळ लागतो. तोवर ओढ बसली तर ते सुटतात. तुम्ही काय करता?”

“शिकवते,” बाई म्हणाल्या.

तेवढंच म्हणाल्या. गाणं शिकवते म्हटलं असतं तर डॉक्टरांनी दोऱ्यांची पेटी उघडलीच नसती, हे त्यांना त्या क्षणी पुरतं कळलं होतं.

भूल दिल्यावर दुखलं नाही. फक्त कानाजवळ ओला बर्फ चिरडल्यासारखा आवाज येत राहिला आणि गाल कुणीतरी मागे उभं राहून खेचतंय असं वाटलं. घरी आल्यावर आरशात जबडा सुरीसारखा होता. कानापुढे कातडीची थोडी चुणी पडली होती, गाल फुगले होते. यातला बराचसा ताठपणा सुजेचा आहे, तो उतरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईंनी ते ऐकलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

सुट्टीभर त्या भाताची पेज पीत बसल्या. दोसिक समोर बसून सणाचे छोटे, गोड सारण भरलेले तांदळाचे मोदक एकेक करून संपवत होते.

“लग्नाला एकवीस वर्षं झाली, एवढी शांतता पहिल्यांदाच,” ते म्हणाले. “डॉक्टरांना म्हणावं, वर्षातून दोनदा घाला.”

बाईंना हसू आलं. त्यांनी दोन्ही तळहातांनी जबडा धरला आणि नाकातून हसल्या.

सुट्टीनंतरच्या पहिल्या बुधवारी त्या वर्गात आल्या तेव्हा सूज ओसरली होती. पिशव्या गेल्या नव्हत्या, लहान झाल्या होत्या. बाईंनी ताल धरला, ओठांच्या फटीतून पहिली ओळ म्हटली, आणि नेहमीचं वाक्य आलंच नाही.

वर्गातल्या तायांच्या प्रमुख चू बोकसुन, वय अडुसष्ट. पहिल्या कडव्यानंतर त्या म्हणाल्या, “बाई, आज घास केवढा?”

“सर्दी आहे,” बाई ओठ न हलवता म्हणाल्या.

“सर्दी नाकाला होते. तुम्ही कानशिलावर केस का ओढलेत?”

मागून कुणी म्हणालं, “दवाखाना शिन्साचा की आपगुजंगचा?” कुणी म्हणालं, “किती दोरे, एका बाजूला?” ज्या ताया बाईंना पंधरा वर्षांत सम कुठे आहे ते सांगू शकल्या नव्हत्या, त्यांनी बाईंच्या गालात काय आहे ते पाच मिनिटांत ओळखलं होतं. त्यातल्या निम्म्या त्याच वाटेने जाऊन आलेल्या होत्या.

“मीही एकसष्टाव्या वर्षी घातले,” बोकसुन म्हणाल्या. “फरक पडला. मला दिसायचा. नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, चष्मा बदललास का.”

पुढच्या बुधवारी व्यवस्थापक आले. नवी शिक्षिकाही आली. शेवटच्या रांगेत बसून नम्रपणे मान हलवत होती, आणि तिचा जबडा खरंच सुरेख होता. बाईंनी मुद्दाम सौम्य गाणं निवडलं. पण त्या वर्गाला सौम्य गाणं कधी जमलंच नाही. ते हळूहळू बसत गेलं, ताया पुटपुटू लागल्या, आणि व्यवस्थापकांनी घड्याळ पाहिलं.

बाईंनी ते पाहणं पाहिलं. त्यांनी साथीचं संगीत थांबवलं आणि उन्हाळ्यात शिकवलेलं गाणं लावायला सांगितलं. त्याच्या तिसऱ्या कडव्यात वरचा सूर आहे, तो ओठांच्या फटीतून लागत नाही.

बोकसुन पुढून कुजबुजल्या, “बाई, नका हो. तीन आठवडे झाले नाहीत.”

“ताई,” बाई म्हणाल्या, “तोंड उघडा!”

आणि स्वतः उघडलं. सूर लागला. त्यामागून अख्खा वर्ग चढला, खिडकीची काच थरथरली, शेजारच्या खोलीतल्या फुलं मांडणाऱ्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या आवाजात डाव्या कानापाशी झालेला बारीक ‘टच्’ फक्त बाईंना ऐकू आला.

दुपारी त्या शिन्साला होत्या. डाव्या गालात वाटाणा मावेल असा खळगा पडला होता.

डॉक्टर यो यांनी खळग्यावरून बोट फिरवलं. “तुम्ही काय शिकवता म्हणालात?”

“गाणं.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मीग्यंगबाई, मी स्सामही बंद केला होता. तुम्ही अख्खं स्वयंपाकघर गिळलंत.”

त्यांनी अंगठ्याने हळूहळू दाबून खळगा बराचसा मोकळा केला. दोन दोऱ्यांचे काटे सुटले असावेत, म्हणाल्या. उरलेला खळगा काही आठवड्यांत भरून येईल. दोरे पुन्हा घालायची घाई नको. डावी बाजू उजवीपेक्षा जरा खाली राहील, पण मोजपट्टी न लावणाऱ्याला कळणार नाही.

“आणि पुढे?”

“पुढे दोरे विरघळले की दोन्ही बाजू पुन्हा सारख्या होतील. मग ध्वनिलहरी करू. दुसऱ्या दिवशी गाता येतं त्यात. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर हेच केलं असतं.”

व्यवस्थापकांनी बुधवारचा वर्ग ठेवला. कारण विचारल्यावर ते म्हणाले की फुलांच्या वर्गातल्या सहा जणींनी तिथल्या तिथे नाव नोंदवलं, त्यावर काय बोलणार. जबड्याबद्दल ते काही बोलले नाहीत. बाईंनी जरा वाट पाहिली, मग स्वतःच विचारलं, “माझ्यात काही फरक वाटतो?”

ते गोंधळले. “केस कापलेत?”

हिवाळी सत्राच्या फलकासाठी फोटो काढायला माणूस आला, तेव्हा बाईंनी उजवी बाजू पुढे केली. त्याने डावीकडून प्रकाश बरा आहे म्हणत डावीकडून काढला. तो फलक आजही लिफ्टशेजारी आहे. गालात पुसट खळगा दिसतो, आणि नव्या आलेल्या बायका विचारतात, बाईंना खळी पडते का हो.

सत्राच्या शेवटी सगळ्या जेवायला गेल्या तेव्हा तीन आठवडे उलटून बरेच दिवस झाले होते. शेगडीवर मांस तडतडत होतं. बोकसुननी तळहातावर दोन पानं एकावर एक ठेवली, मांसाचे तीन तुकडे, लसूण, मिरची, वर भात, आणि मुठीएवढा स्साम वळून बाईंच्या तोंडासमोर धरला. वडीलधाऱ्या हाताने समोर धरलेला घास परत करता येत नाही.

“ताई, केवढा हा!”

“पंधरा वर्षं आम्हाला सांगताय,” बोकसुन म्हणाल्या. “उघडा.”

बाईंनी सवयीने एक हात डाव्या गालाकडे नेला. मग तो खाली घेतला आणि तोंड उघडलं.