बारा सेकंदांचा दिवा

कोल्हापुरातल्या एका तंत्रनिकेतनात संघप्रिया चौदा वर्षं प्रयोगशाळा सहाय्यक होती. पद तसं होतं. काम म्हणजे जर्नलांचे गठ्ठे उचलणं आणि विजयसिंह सरांना जे येत नाही ते चारचौघांत उघडं पडू न देणं. सरांच्या टायमर चिपच्या प्रयोगाचं दहा वर्षांत एकही रीडिंग चुकलं नव्हतं, कारण दहा वर्षांत ते कुणी घेतलंच नव्हतं.

यंदा दहा मायक्रोफॅरडचे कपॅसिटर संपले. मागणीचा अर्ज टेबलाटेबलांवर फिरत राहिला. संघप्रियानं शंभरचे लावले, तसं फळ्यावर लिहिलं आणि सरांची सही घेतली. सरांनी न वाचता केली.

रेझिस्टर तोच, एक लाख ओहमचा. मोनोस्टेबल जोडणीत बटण एकदा दाबलं की दिवा लागतो, ठरलेला वेळ राहतो आणि आपोआप विझतो. तो वेळ म्हणजे रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या गुणाकाराच्या एक पूर्णांक एक दशांश पट. दहाच्या कपॅसिटरला सेकंदाहून थोडं जास्त, शंभरच्याला अकरा सेकंद. तरीही एकोणचाळीस जर्नलांत १.१ आलं. वर्गातल्या एकट्या इरमनं बारा लिहिलं. सरांनी त्यावर लाल फुली मारली.

"पुस्तकात एक पूर्णांक एक हाय. तुझा दिवा काय वेगळा हाय व्हय?"

"सर, मी तीनदा मोजलं."

"मोजायला कुणी सांगितलंतं?"

परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून कामिल अत्तार आले. त्यांनी राजवीर नावाच्या विद्यार्थ्याचं जर्नल उघडून त्याला बटण दाबायला लावलं. दिवा लागला.

"विझंल आता," सर म्हणाले.

दिवा विझेना. अत्तार घड्याळाकडं बघत राहिले. सरांनी घोटभर पाणी पिलं तरी दिवा लागलेलाच. बाराव्या सेकंदाला विझला.

"गणितात अकरा येतात," संघप्रिया म्हणाली. "असला कपॅसिटर छापलेल्या आकड्याहून थोडा जास्त भरतो."

अत्तारांनी राजवीरला विचारलं, "हाच दिवा सारखा लुकलुकायला हवा असेल तर?"

"बटण सारखं दाबायचं, सर."

उत्तर इरमनं दिलं. अस्टेबल जोडणीत दिवा आपोआप लुकलुकतो, बटणाची गरजच नसते. दोन आणि सहा नंबरच्या पिना जोडायच्या, सातच्या दोन्हीकडं एकेक रेझिस्टर. कपॅसिटर दोन्हींतून भरतो, खालच्या एकातूनच रिता होतो, म्हणून दिवा लागलेला वेळ नेहमी जास्त.

अत्तारांनी तिच्या जर्नलातली फुली खोडून पूर्ण गुण दिले. बाकीच्यांनाही पास केलं, नाहीतर निकालाचा तक्ता बिघडला असता.

ते गेल्यावर संघप्रियाला वाटलं, सर आता तरी फळा वाचतील. सरांनी तिला बोलावलं.

"बाई, दहाचे कपॅसिटर तातडीनं मागवा. पोरांची रीडिंगं चुकायला लागल्यात."

तिनं अर्ज लिहिला. खाली कारण लिहायची जागा होती. तिथं तिनं लिहिलं: शंभरचे जर्नलाशी जुळत नाहीत. सरांनी त्यावरही सही केली.